डोंबिवली स्टेशनजवळचा लाल डाग

समजा तुमच्या हातात एक एक्सेल फाइल आली. एका पावसाळ्यातले डेंग्यूचे रुग्ण, कल्याण-डोंबिवली परिसरातले. नाव काढून टाकलेलं, पण वय, लिंग, तपासणीची तारीख आणि पत्ता आहे. पहिला मोह काय होईल? पत्ते नकाशावर टाकायचे, क्यूजीआयएसमध्ये हीटमॅप काढायचा आणि लाल कुठे दिसतंय ते बघायचं. मीही तेच केलं. डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला एक मोठा, गडद लाल डाग आला. इतका ठसठशीत की शंका घ्यावी असं काही वाटलंच नाही. तो नकाशा मी एका बैठकीत दाखवला आणि धूरफवारणीचं पथक तिकडे गेलं.

चार दिवसांनी त्या भागात फिरणाऱ्या एका आरोग्य कर्मचाऱ्यांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या डागाच्या मधोमध उभा आहे. इथे रिक्षा स्टँड आहे. इथे राहतं कोण?"

चूक यादी देणाऱ्यांची नव्हती, माझीच होती. तुमची होऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगते. एक गोष्ट आधीच: त्या यादीतले खरे आकडे आणि ठिकाणं मी इथे देणार नाही. पत्त्याचा ठिपका म्हणजे रुग्णाची ओळखच असते, तो ब्लॉगवर टाकायची गोष्ट नाही. त्यामुळे पुढे जे रुग्णांचे आणि लोकसंख्येचे हिशेब येतील ते सरावासाठी घेतलेले गोल आकडे आहेत. भागाची माहिती मात्र खरी.

डाग आला कुठून

पत्त्याचं अक्षांश-रेखांशात रूपांतर करणं म्हणजे जिओकोडिंग. "अमुक सोसायटी, टिळकनगर, डोंबिवली पूर्व" असा पत्ता असेल तर जिओकोडर बऱ्यापैकी जवळ पोचतो. पण आपल्याकडचे पत्ते तसे नसतात. "शाळेच्या मागे, पाटलांची चाळ, खोली नं. ४" असा पत्ता दिला की जिओकोडर गोंधळतो, आणि गोंधळला की "सापडलं नाही" असं न सांगता जे कळलं तेवढ्यावर उत्तर देतो. बऱ्याचदा त्याला कळतो फक्त पिनकोड. मग ४२१२०१ असं लिहिलेले सगळे न सापडलेले पत्ते त्या पिनकोडच्या एकाच मध्यबिंदूवर जाऊन बसतात. ४२१२०१ म्हणजे डोंबिवली पूर्वेचा मोठा भाग. त्यातले वेगवेगळ्या गल्ल्यांतले रुग्ण माझ्या नकाशात एकावर एक रचले गेले होते.

हीटमॅप नेमका यालाच भुलतो. तो प्रत्येक ठिपक्याभोवती ठरावीक त्रिज्येचा एक उतरता ढीग रचतो आणि सगळे ढीग एकमेकांत मिळवतो. एकाच बिंदूवर वीस ठिपके असले तरी नकाशावर डोळ्यांना एकच ठिपका दिसतो, हीटमॅपला मात्र वीस ढीग मिळतात. म्हणूनच मला साध्या ठिपक्यांच्या नकाशात काही खटकलं नव्हतं.

हे पकडायला फार काही लागत नाही. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक ठिपक्यासमोर त्याच जागेवर एकूण किती ठिपके आहेत ते लिहून घ्या:

```
count("id", group_by:=geom_to_wkt($geometry, 5))
```

मग हा रकाना उतरत्या क्रमाने लावा. एका मोठ्या इमारतीत तीन-चार रुग्ण असू शकतात. पण एकाच बिंदूवर ढीगभर रुग्ण असतील आणि त्यांचे पत्ते वाचल्यावर एक चाळ, एक बंगला, एक गाव असं काहीही निघत असेल, तर तो रोगाचा समूह नाही, पिनकोडचा मध्यबिंदू आहे.

जाता जाता: हीटमॅप काढण्याआधी लेयर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात घ्या. ठाणे-कल्याणसाठी EPSG:32643 चालतं. लेयर अंशांमध्ये असेल तर तुम्ही दिलेली त्रिज्या मीटर न राहता अंश होते आणि अख्खा जिल्हा लाल होतो. ही चूक निदान लगेच दिसते तरी. त्रिज्या किती घ्यायची हे रोगावर ठरतं. डेंग्यूचा एडिस डास साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो, त्यामुळे एक किलोमीटरच्या त्रिज्येने काढलेल्या गुळगुळीत डागाला डेंग्यूच्या बाबतीत फारसा अर्थ नाही.

आता मोह होतो तो पिनकोडवर बसलेले ठिपके सरळ काढून टाकण्याचा. इथे थांबा. न सापडणारे पत्ते कोणाचे असतात? चाळींतले, गावठाणांतले, नाल्याकाठच्या वस्त्यांतले. नोंदणीकृत सोसायटीत राहणारे सापडतात. न सापडलेले वगळले तर तुमचा नकाशा सोसायट्यांचा होईल आणि चाळी डेंग्यूमुक्त दिसतील. खोट्या डागापेक्षा हे वाईट, कारण रिकामी जागा बघून कोणी फोन करत नाही.

मी शेवटी काय केलं, तर प्रत्येक ठिपक्याला दर्जाचा एक रकाना जोडला: इमारत, गल्ली की नुसता पिनकोड. मग पिनकोडवाल्या पत्त्यांची छापील यादी घेऊन त्या त्या भागातल्या आशाताईंसोबत बसले. कोणता पत्ता कोणाचा हे त्यांना सांगितलं नाही, फक्त "ही चाळ कुठे?" एवढंच विचारलं. जिओकोडरला जमलं नव्हतं ते त्यांनी दोन दुपारींत केलं. अगदी घरापर्यंत नाही, पण वॉर्डापर्यंत बहुतेक सगळे पत्ते लागले. त्यामुळे मी ठिपके सोडून वॉर्डनिहाय मोजणीवर आले.

भागाकाराखालचा आकडा

वॉर्डनिहाय नुसते रुग्ण मोजून भागत नाही, हे तुम्हाला माहीत असतंच. तरी आपण ते विसरतो. कोविडच्या काळात महापालिकेच्या रोजच्या पत्रकातून कल्याण पूर्व, कल्याण पश्चिम, डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम, मांडा-टिटवाळा, मोहने असे भागवार आकडे यायचे, आणि घराघरांत "आज कोण पुढे?" अशी चर्चा व्हायची. टिटवाळ्यापेक्षा डोंबिवली पूर्वेत रुग्ण जास्त असणारच, कारण तिथे माणसंच कितीतरी जास्त आहेत. तुलना करायची तर रुग्णसंख्येला लोकसंख्येने भागायला हवं.

खरी अडचण इथेच सुरू होते. लोकसंख्या कोणती? आपल्याकडची शेवटची पूर्ण जनगणना २०११ची. २०२१ची झालीच नाही. २०११मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. पण तेव्हाची महापालिका आणि आजची महापालिका एक नाही. १९८३मध्ये महापालिका झाली तेव्हा आजूबाजूची २७ गावं तिच्यात होती, २००२मध्ये ती बाहेर काढली आणि २०१५मध्ये पुन्हा आत घेतली. २०२०मध्ये त्यातली १८ गावं वेगळी करायचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही. म्हणजे २०११च्या जनगणनेत ही गावं महापालिकेच्या आकड्यात नाहीत, आजच्या रुग्णयादीत मात्र आहेत. रुग्ण आजच्या हद्दीतले आणि लोकसंख्या जुन्या हद्दीतली, असा भागाकार केला तर दर विनाकारण फुगतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे गावांची जनगणना वेगळी शोधून वॉर्डांच्या नकाशाला जोडणं.

ते केलं तरी दुसरी अडचण उरते. निळजे, काटई, घारिवली हा पट्टा डोळ्यांपुढे आणा. २०११नंतर शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्याउलट डोंबिवलीच्या स्टेशनजवळच्या जुन्या वस्तीत वाढायला जागाच नव्हती. लोकसंख्या सगळीकडे सारख्या पटीने वाढली असती तर आपलं काही बिघडलं नसतं, कारण तुलना तीच राहिली असती. घोळ होतो तो असमान वाढीमुळे.

हा घोळ किती मोठा असतो ते सरावाच्या आकड्यांवर बघू. शहराची जुनी लोकसंख्या साडेबारा लाख धरा आणि मोसमात २५० रुग्ण. म्हणजे दहा हजारांमागे दोन. गावांच्या पट्ट्यातल्या एका वॉर्डाची २०११ची लोकसंख्या ६,०००. शहरासारखाच दर असता तर तिथे १.२ रुग्ण अपेक्षित होते. सापडले पाच. चौपटीहून जास्त! नकाशावर हा वॉर्ड गडद लाल होणार.

पाच हा आकडा नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता किती? रुग्ण एकमेकांपासून स्वतंत्रपणे पडतात असं मानलं तर पॉइसाँ वितरण वापरता येतं, आणि त्याला एक्सेल पुरतं:

```
=1-POISSON.DIST(4,1.2,TRUE)
```

उत्तर येतं ०.००८च्या जवळपास. १.२ अपेक्षित असताना पाच किंवा त्याहून जास्त रुग्ण येण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. प्रबंधात लिहायला अगदी छान.

आता लोकसंख्या दुरुस्त करा. शहर पंधरा लाखांवर गेलं आणि या वॉर्डात टॉवर झाल्यामुळे तिथे २४,००० लोक झाले असं धरा. शहराचा दर दहा हजारांमागे १.६७ झाला, वॉर्डात अपेक्षित रुग्ण झाले चार. रुग्ण तेच पाच. सूत्रात १.२च्या जागी ४ घाला, उत्तर येतं ०.३७. नाणं उडवून दोनदा छापा पडण्याची शक्यता ०.२५ असते, त्याहूनही हे साधं. एकाही रुग्णाला हात न लावता समूह नाहीसा झाला.

मग आजची लोकसंख्या आणायची कुठून? नेमकी कुठूनच मिळत नाही, अंदाज करावा लागतो. मालमत्ता कराच्या नोंदीतली घरांची संख्या गुणिले सरासरी कुटुंब हा एक मार्ग. पण नव्या टॉवरमध्ये रिकामे फ्लॅट भरपूर असतात, तिथे हा अंदाज वर जातो. पल्स पोलिओच्या वेळी घरोघरी मोजलेली पाच वर्षांखालची मुलं हा दुसरा मार्ग. तरुण जोडपी जास्त असलेल्या भागात हाही वर जातो. मी दोन्ही काढते आणि दोन्हींनी हिशेब करते. जो वॉर्ड दोन्हींत लाल राहतो त्याकडेच बघते. माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या मते हा फारच सावध मार्ग आहे, यात एखादा खरा समूह निसटेल. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण एकदा रिक्षा स्टँडवर फवारणी करवून आलेल्या माणसाला सावध राहण्याचा हक्क आहे.

१२२ वेळा बघितलं तर

अजून एक सापळा आहे, आणि तो भागाकार बरोबर असतानाही लागतो. २०१५च्या निवडणुकीत कल्याण-डोंबिवलीत १२२ वॉर्ड होते. तुम्ही वरचं सूत्र प्रत्येक वॉर्डाला लावलं आणि "पाच टक्क्यांहून कमी शक्यता असेल तर लाल" असा नियम केला, तर रोग सगळीकडे अगदी सारखा पसरलेला असला तरी सहापर्यंत वॉर्ड नुसत्या योगायोगाने लाल होऊ शकतात. त्या प्रत्येकाला तुम्ही नंतर कारणही शोधाल: इथे नाला आहे, तिथे बांधकाम चालू आहे. आपल्या शहरांत नाला आणि बांधकाम कुठे नाही?

यावर मार्टिन कुलडॉर्फ यांनी स्कॅन स्टॅटिस्टिक नावाची पद्धत मांडली आणि त्यासाठी सॅटस्कॅन हे सॉफ्टवेअर केलं. ते फुकट आहे. त्याची कल्पना साधी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या मध्यबिंदूवर एक वर्तुळ ठेवायचं आणि हळूहळू मोठं करत न्यायचं. प्रत्येक टप्प्यावर आत किती रुग्ण अपेक्षित होते आणि किती सापडले याची तुलना करायची. अशा हजारो वर्तुळांतून सगळ्यात वेगळं पडणारं एक निवडायचं.

आता हे वर्तुळ खरंच वेगळं आहे का? ते तपासायला सॅटस्कॅन तुमचे तेवढेच रुग्ण लोकसंख्येच्या प्रमाणात नकाशावर यदृच्छ विखुरतो आणि त्या बनावट नकाशातलंही सगळ्यात वेगळं वर्तुळ शोधतो. असं ९९९ वेळा करतो. मग तुमचं वर्तुळ आणि ही ९९९ एका रांगेत उभी करायची. तुमचं पहिल्या दहांत आलं तर शक्यता एक टक्का किंवा कमी. चारशेव्या नंबरावर आलं तर ते योगायोगातही सहज दिसणारं वर्तुळ आहे. इथे तुलना "सगळ्यात वेगळं" विरुद्ध "सगळ्यात वेगळं" अशी असल्यामुळे हजारो वेळा बघितल्याचा हिशेब त्यातच होऊन जातो.

त्याला रुग्णांची, लोकसंख्येची आणि मध्यबिंदूंची अशा तीन फाइली लागतात. एक गोष्ट आधी ठरवून वहीत लिहून ठेवा: वर्तुळ जास्तीत जास्त किती मोठं होऊ द्यायचं. मुळात ते निम्म्या लोकसंख्येपर्यंत वाढू शकतं. निम्मी डोंबिवली एक समूह आहे असं उत्तर घेऊन कोणी काय करणार? पण उत्तर बघून मग मर्यादा बदलत बसलात तर ते पुन्हा अनेकदा बघणंच झालं, आणि त्याचा हिशेब सॉफ्टवेअर करत नाही.

हद्दीचंही भान ठेवा. शहाड आणि वालधुनीच्या बाजूला महापालिकेची हद्द उल्हासनगरला चिकटलेली आहे. डासाला हद्द कळत नाही, पण तुमची यादी हद्दीवर संपते. तिथे अर्धा समूह यादीबाहेर राहतो आणि उरलेला अर्धा क्षीण दिसतो. तेव्हा काठावरच्या वॉर्डात काही सापडलं नाही, एवढ्यावरून तिथे काही नाही असं लिहू नका.

रात्रीचा पत्ता

आता सगळं नीट केलं असं समजा. तरी यादीतला पत्ता म्हणजे माणूस झोपतो ती जागा. एडिस चावतो दिवसा. डोंबिवलीकर दिवसा कुठे असतो? सकाळच्या फास्ट लोकलने दादर, अंधेरी, फोर्ट. डास तिथल्या ऑफिसात चावला आणि ठिपका पडला डोंबिवलीत, असं सहज होऊ शकतं.

हे कोडं जुनंच आहे. १८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्याचा जॉन स्नो यांचा नकाशा तुम्ही पाहिला असेलच. त्यांना एक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटपासून लांब हॅम्पस्टेडमध्ये सापडला. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायच्या आणि चव आवडते म्हणून तिथल्या पंपाचं पाणी रोज मागवायच्या. पत्ता हॅम्पस्टेडचा, पाणी ब्रॉड स्ट्रीटचं. नकाशाने हे सांगितलं नसतं, विचारावं लागलं.

प्रत्येकाला विचारणं शक्य नसेल तर वयाचा आधार घेता येतो. यादीत व्यवसायाचा रकाना बहुधा रिकामा असतो, वय मात्र असतं. पंधरा वर्षांखालची मुलं आणि साठीच्या पुढचे आजी-आजोबा दिवसाही साधारण घराच्या आसपास असतात. फक्त त्यांचे ठिपके घेऊन बघा. समूह टिकला, तर चावणारा डास तिथलाच असण्याची शक्यता वाढते. रुग्ण जवळजवळ सगळे पंचवीस ते पन्नासमधले असतील, तर आधी ते कामाला कुठे जातात ते विचारा. अर्थात ज्या संकुलात मुळातच तरुण जोडपी आणि लहान मुलं जास्त, तिथे मुलांचे ठिपकेही जास्तच पडणार. तिथे मुलांच्या रुग्णसंख्येला मुलांच्या लोकसंख्येनेच भागायला हवं.

या सगळ्या चाळणीतून माझ्या यादीतलं एकच वर्तुळ उरलं. स्टेशनपासून बरंच लांब, २७ गावांपैकी एका गावाच्या कडेला. पहिल्या नकाशात तिथे काहीच नव्हतं, कारण तिथले रुग्ण पिनकोडच्या बिंदूंवर जाऊन बसले होते.

आम्ही तिथे गेलो, सोबत तेच फोन करणारे कर्मचारी. पाणी रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक दारात निळी पिंपं, काहींवर झाकण, काहींवर नुसती फळी. शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या आणि शंभर घरांमागे किती भांड्यांत सापडल्या, हे दोन आकडे आम्ही वेगवेगळे लिहिले. एका घरात तीन पिंपं अळ्यांनी भरलेली आणि बाकी घरं स्वच्छ, असं असेल तर पहिला आकडा लहान राहतो आणि दुसरा मोठा होतो, आणि काम कुठे करायचं तेही बदलतं. शेजारच्या वस्तीत, वर्तुळाच्या बाहेर, तेवढीच घरं तपासली. नाहीतर तुलना कशाशी करणार?

बोलता बोलता आणखी दोन घरांत महिन्याभरात "डेंग्यूचा ताप" येऊन गेल्याचं कळलं. खासगी दवाखान्यात कार्डावर तपासणी झाली होती, यादीत नाव नव्हतं. हे दोघं मिळवले तर माझं वर्तुळ आणखी ठळक होईल. पण मी असं दार ठोठावून फक्त इथेच विचारलंय, बाकीच्या वॉर्डांत नाही. जिथे शोधलं तिथलेच रुग्ण वाढवायचे आणि मग इथे रुग्ण जास्त आहेत म्हणायचं, हे रिक्षा स्टँडचंच दुसरं रूप झालं. म्हणून ते दोघं सध्या वेगळ्या रकान्यात आहेत. आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यांची घरं लगेच कळवली, हिशेबात मात्र घेतलेली नाहीत.